वही एकाची, नफा दोघांचा

गणेश चतुर्थीच्या आधी महिनाभर पुण्याच्या उपनगरांत मूर्तींचे स्टॉल उभे राहू लागतात. असा स्टॉल एकट्याच्या बळावर लागतोच असे नाही. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत. तिथल्या माणसाला कोणाची आखणी चांगली, कोणाचा माल वेळेवर सुटतो हे ठाऊक असते, पण पुण्यात त्याला जागा नसते आणि गिऱ्हाईकही नसते. पुण्यातल्या माणसाकडे मोक्याची जागा असते, ओळखी असतात, पण कारखान्यात जाऊन तीनशे मूर्ती पारखून घेणे त्याला जमणारे नसते. मग दोघे एकत्र येतात. दुकानाची पाटी नाही, फर्मची नोंदणी नाही, पुढच्या वर्षी पुन्हा एकत्र येऊच असे वचनही नाही. चतुर्थीच्या दिवशी दुपारी धंदा संपतो आणि राहतो तो हिशोब.

अशा एका हंगामापुरत्या, एका कामापुरत्या सामाईक धंद्याला वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत ‘संयुक्त साहस’ म्हणतात. त्याचे हिशोब ठेवण्याच्या दोन-तीन रीती आहेत. धंदा मोठा असेल तर त्याच्यासाठी वेगळे बँक खाते आणि वेगळ्या वह्या ठेवतात. कधी दोघेही आपापला खर्च आपापल्या वहीत लिहितात आणि शेवटी दोन्ही वह्या एकत्र करून नफा काढतात. छोट्या धंद्यात मात्र बहुधा एकच जण सगळी वही सांभाळतो. दुसरा फक्त आपण किती घातले आणि आपल्याला किती आले एवढेच टिपून ठेवतो. ही रीत सोपी आहे, पण भांडणेही हिच्यातच जास्त होतात, कारण एकाला सगळे दिसते आणि दुसऱ्याला फक्त शेवटचा आकडा ऐकायला मिळतो. म्हणून याच रीतीचा एक हिशोब इथे पहिल्या नोंदीपासून शेवटच्या देण्यापर्यंत मांडतो आहे. माणसे आणि आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत.

एकाला पेणकर म्हणू, दुसऱ्याला पुणेकर. ठरले ते असे: पेणकरांनी मूर्ती खरेदी करून पुण्याला पोचवायच्या. पुणेकरांनी स्टॉल चालवायचा, विक्री करायची आणि वही ठेवायची. स्टॉलवर महिनाभर उभे राहण्याबद्दल पुणेकरांना विक्रीवर 5 टक्के कमिशन. त्यानंतर जो नफा उरेल तो पुणेकर तीन हिस्से, पेणकर दोन हिस्से. तोटा आला तर तोही याच प्रमाणात.

कारखानदारांना विसार द्यायचा म्हणून पुणेकरांनी सुरुवातीलाच पेणकरांना 1,50,000 रुपये पाठवले. पेणकरांनी शाडूच्या 300 मूर्ती सरासरी 1,100 रुपयांनी घेतल्या, म्हणजे 3,30,000. पेंढा घालून बांधणी, हमाली आणि टेम्पोचे भाडे मिळून आणखी 21,000. त्यांच्या हातून एकूण 3,51,000 रुपये गेले. इकडे पुणेकरांनी जागा आणि मांडव यांसाठी 40,000, दिवे आणि फळ्यांसाठी 9,000, दोन मुलांच्या पगारासाठी 22,000 आणि पाटी-पत्रकांसाठी 4,000 असे 75,000 खर्च केले.

आता पुणेकरांच्या वहीत दोन खाती उघडतात, आणि सगळी मेख या दोन खात्यांत आहे. पहिले संयुक्त साहसाचे खाते. हे धंद्याचे खाते. धंद्यासाठी जे जे गेले ते याच्या नावे पडते, मग ते कोणाच्याही खिशातून गेलेले असो. धंद्यातून जे आले ते जमा होते. दुसरे खाते पेणकरांचे. हे माणसाचे खाते. पेणकरांनी धंद्यात जे घातले ते त्यांच्या जमा बाजूला, त्यांना जे मिळाले ते नावे बाजूला. शेवटी जमा बाजू जास्त भरली तर तेवढे त्यांना द्यायचे, नावे बाजू जास्त भरली तर त्यांच्याकडून घ्यायचे.

पेणकरांनी टेम्पोवाल्याला पैसे दिले की पुणेकरांच्या वहीत काय होते? पुणेकरांच्या गल्ल्यातून एक रुपयाही गेलेला नाही, तरीही नोंद होते. संयुक्त साहस खात्याच्या नावे आणि पेणकरांच्या खात्यावर जमा. धंद्याचा खर्च वाढला, आणि तो पेणकरांनी केला म्हणून त्यांचे येणे वाढले. पुणेकरांनी स्वतः मांडववाल्याला पैसे दिले तर संयुक्त साहस खात्याच्या नावे आणि बँक किंवा रोख खात्यावर जमा. पुणेकरांचे स्वतःचे वेगळे खाते उघडायची गरज नसते, कारण वही त्यांचीच आहे.

आणि ते विसाराचे दीड लाख? इथे नवखा माणूस हमखास घसरतो. पैसे गेले, धंद्यासाठी गेले, म्हणून तो ते संयुक्त साहसाच्या नावे टाकून मोकळा होतो. पण ते पैसे धंद्यातून बाहेर गेलेले नाहीत. ते एका भागीदाराकडून दुसऱ्याकडे गेले आहेत. त्यांतून पेणकरांनी मूर्ती घेतल्या तेव्हा तो खर्च 3,30,000 मध्ये आलाच. दीड लाख पुन्हा धंद्याच्या नावे टाकले तर तेवढी खरेदी दोनदा लिहिली जाईल. त्यांची जागा एकच: पेणकरांच्या खात्याच्या नावे. दोन भागीदारांमध्ये हिंडणारा पैसा धंद्याच्या खात्याला कधीच शिवत नाही. एवढे पक्के धरले तर निम्म्या चुका होतच नाहीत.

माल उतरवून घेताना पाच मूर्ती दुखावलेल्या निघाल्या. कोणाची सोंड, कोणाचा हात. भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, त्यामुळे ती स्वस्तात विकण्याचाही प्रश्न नाही. तिचे विसर्जन करायचे. या पाच मूर्तींची वेगळी नोंद काय करायची, असे पुष्कळांना वाटते. काहीच करायची नाही. त्यांची किंमत खरेदीत धरलेली आहे आणि विक्रीत त्या येणार नाहीत, त्यामुळे नफा आपोआप तेवढा कमी होतो आणि नुकसान तीनास दोन या प्रमाणात दोघांवर बसते. खरेदीच्या 5,500 रुपयांपैकी 3,300 पुणेकरांचे, 2,200 पेणकरांचे. मात्र टेम्पोवाल्याने भरपाई दिली तर ती संयुक्त साहस खात्यावर जमा करावी लागते. आणि एखाद्या भागीदाराच्या हयगयीने नुकसान झाले, ते त्याने एकट्याने सोसायचे असे ठरलेले असले, तर ती रक्कम त्याच्या नावे टाकून धंद्याला जमा द्यायची.

चतुर्थीच्या दुपारपर्यंत 275 मूर्ती गेल्या. सरासरी दर 1,920 रुपये पडला. विक्री 5,28,000. वीस मूर्ती उरल्या. त्या पेणकरांनी परत न्यायच्या आणि दर मूर्तीला 800 रुपये धरायचे असे ठरले. म्हणजे 16,000 रुपयांचा माल पेणकरांनी धंद्याकडून घेतला. ही जणू पेणकरांना झालेली विक्रीच आहे: त्यांच्या खात्याच्या नावे 16,000 आणि संयुक्त साहस खात्यावर जमा 16,000. पुणेकरांचे कमिशन 5,28,000 वर 5 टक्के, म्हणजे 26,400. तेही धंद्याचा खर्च म्हणून संयुक्त साहसाच्या नावे पडते.

आता संयुक्त साहसाचे खाते असे दिसते:

नावे बाजू: पेणकरांनी केलेला खर्च 3,51,000, पुणेकरांनी केलेला खर्च 75,000, पुणेकरांचे कमिशन 26,400. एकूण 4,52,400.

जमा बाजू: विक्री 5,28,000, पेणकरांनी नेलेला माल 16,000. एकूण 5,44,000.

फरक 91,600. हा नफा. पाच हिस्से केले तर एक हिस्सा 18,320 रुपयांचा. पुणेकरांना तीन हिस्से 54,960, पेणकरांना दोन हिस्से 36,640. पुणेकर आपला हिस्सा आपल्या नफा-तोटा खात्याला नेतात, पेणकरांचा हिस्सा त्यांच्या खात्यावर जमा करतात, आणि संयुक्त साहसाचे खाते कायमचे मिटते.

पुष्कळ जण इथेच थांबतात. नफा निघाला, छत्तीस हजार सहाशे चाळीस तुमचे, असे फोनवर सांगून टाकतात. पण पेणकरांना द्यायची रक्कम ती नव्हे. त्यांच्या खात्यावर जमा आहेत 3,51,000 आणि नफ्याचे 36,640, मिळून 3,87,640. नावे आहेत विसाराचे 1,50,000 आणि मालाचे 16,000, मिळून 1,66,000. वजा जाता 2,21,640. पुणेकरांनी पेणकरांना एवढे पैसे पाठवायचे आहेत. नफा वेगळा आणि देणे वेगळे, हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की चांगल्या मैत्रीतही संशय शिरतो.

हिशोब बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी एक साधा ताळा आहे, आणि तो दोघांनीही करून पाहावा. पुणेकरांच्या हाती विक्रीचे 5,28,000 आले. त्यांतून 75,000 खर्चाचे आणि 1,50,000 विसाराचे गेले. उरले 3,03,000. त्यांतून 2,21,640 पेणकरांना दिले की उरतात 81,360. पुणेकरांचे कमिशन 26,400 आणि नफा 54,960 यांची बेरीजही 81,360. आता पेणकरांच्या बाजूने पाहा. त्यांना दीड लाख आणि 2,21,640 असे 3,71,640 रोख मिळाले, 16,000 चा माल मिळाला. एकूण 3,87,640. त्यांतून खर्च केलेले 3,51,000 वजा केले की बरोबर 36,640 उरतात. दोन्ही ताळे जुळले तर एकूण नफा आणि शेवटचे देणे एकमेकांशी जुळते आहेत. जुळले नाहीत तर कुठलीतरी रक्कम चुकीच्या खात्याला बसली आहे किंवा बेरीज-वजाबाकी चुकली आहे, हे नक्की.

विसाराचे दीड लाख धंद्याच्या नावे पडले असते तर काय झाले असते, तेही करून पाहण्यासारखे आहे. नावे बाजू 6,02,400 झाली असती आणि 91,600 च्या नफ्याऐवजी 58,400 चा तोटा दिसला असता. अकराशेला घेतलेली मूर्ती एकोणीसशेला विकून, आणि शंभरातल्या ब्याण्णव मूर्ती खपवून तोटा कसा येईल? असा आकडा समोर आला की बाजाराला दोष देण्याआधी भागीदारांमधला पैसा कुठे लिहिला आहे ते पाहावे.

या ताळ्याला एक मर्यादा आहे, आणि वही दुसऱ्याच्या हाती देणाऱ्याने ती ओळखून असावे. विक्रीचा आकडाच कमी लिहिला असेल तर ताळा तरीही जुळतो. वहीत जे आलेच नाही ते वही सांगत नाही. त्याला उत्तर पैशांत नाही, नगांत आहे. पेणहून किती मूर्ती निघाल्या ते पेणकरांना माहीत आहे: 300. मग विकलेल्या 275, दुखावलेल्या 5 आणि उरलेल्या 20 यांची बेरीज 300 व्हायलाच हवी. दुखावलेल्या पाच मूर्तींचे फोटो त्याच दिवशी पाठवलेले असावेत; विसर्जन झाल्यावर पुरावा उरत नाही. उरलेल्या वीस पेणकर स्वतः मोजून नेतात. म्हणजे विकलेल्या मूर्तींची संख्या पुणेकरांच्या शब्दावर अवलंबून राहत नाही. राहतो तो दराचा प्रश्न. त्यासाठी माल उतरतानाच प्रत्येक मूर्तीला क्रमांक आणि उंचीप्रमाणे ठरलेला किमान दर लिहिलेला असावा. त्याहून खाली विकायची तर आधी विचारायचे, असा नियम केलेला बरा.

रोजचा एक कागद पुरतो: सकाळची शिल्लक, आज विकल्या, आज दुखावल्या, संध्याकाळची शिल्लक, आजची रोख, आजचे यूपीआय. दुकान बंद करताना त्याचा फोटो दुसऱ्याला पाठवायचा. पाच मिनिटांचे काम आहे, पण महिन्याच्या शेवटी तोंडी आठवणीवर हिशोब लावण्यापेक्षा ते लाखमोलाचे आहे. आणखी एक. हल्ली स्टॉलवर भागीदार स्वतःच्या रोजच्या खात्याचाच क्यूआर कोड लावतो. त्याच खात्यातून किराणा जातो, मुलांची फी जाते, मित्राचे उसने येते. हंगाम संपल्यावर त्या स्टेटमेंटमधून मूर्तींचे पैसे वेगळे काढणे म्हणजे छळ आहे. हंगामापुरते एखादे रिकामे खाते या धंद्याला द्यावे. बुकिंगचे आगाऊ पैसेही त्यात यावेत, मात्र मूर्ती गिऱ्हाइकाच्या हाती जाईपर्यंत ती विक्री धरू नये.

आता ठरवाठरवीकडे येतो, कारण चोख वहीसुद्धा न ठरलेल्या गोष्टीचा निकाल देऊ शकत नाही. उरलेल्या मालाचा दर घ्या. वर तो 800 धरला. पेणकर म्हणाले असते की पुढच्या वर्षी रंग उडालेल्या मूर्ती कोण घेणार, किंमत शून्य धरा, तर नफा 75,600 वर आला असता आणि पुणेकरांचे 9,600 रुपये गेले असते. मूर्ती मात्र पेणकरांकडेच गेल्या असत्या. उलट पुणेकरांनी खरेदीच्या 1,100 रुपयांचा आग्रह धरला असता तर मालापोटी पेणकरांच्या नावे 6,000 जादा पडले असते. नफ्यातून त्यांतले 2,400 त्यांच्याकडे परत आले असते, म्हणजे 3,600 चा फटका. चतुर्थीच्या संध्याकाळी थकलेल्या माणसांनी हा दर ठरवायला बसू नये. तो विसार देण्याआधीच ठरलेला असावा.

कमिशनचेही तसेच. कमिशन नसते तर नफा 1,18,000 झाला असता आणि पेणकरांना 47,200 मिळाले असते. कमिशनमुळे ते 36,640 वर आले. 26,400 च्या कमिशनपैकी पेणकरांनी सोसले ते 10,560. उरलेला भार पुणेकरांच्याच हिश्श्यावर पडला. स्टॉलवर महिनाभर उभे राहण्याचा हा मोबदला मला रास्त वाटतो. पण तो आधी बोललेला नसेल तर मागता येत नाही. भारतीय भागीदारी कायदा, 1932 याच्या कलम 13 प्रमाणे, करारात नसेल तर भागीदाराला धंद्याच्या कामाबद्दल मोबदला मिळत नाही. एका कामापुरत्या भागीदारीलाही हा कायदा लागू होऊ शकतो, कलम 8 मध्ये तसे म्हटले आहे. त्याच कलम 13 मध्ये आणखी एक गोष्ट आहे. नफ्याचे प्रमाण ठरलेले नसेल तर वाटणी समसमान. आपल्या उदाहरणात तसे झाले असते तर दोघांना 45,800 मिळाले असते. ‘तीनास दोन असेच आपले बोलणे झाले होते’ हे नंतर सिद्ध करत बसण्यापेक्षा एका कागदावर दोन सह्या केलेल्या बऱ्या.

व्याजाचा मुद्दा बहुधा कोणी काढतच नाही. पेणकरांचे स्वतःचे 2,01,000 रुपये खरेदीपासून हिशोब होईपर्यंत अडकले होते. ती रक्कम त्यांनी भांडवल म्हणून घालायची ठरलेलीच होती, असे धरले तर करार नसताना तिच्यावर व्याज नाही. ठरलेल्या भांडवलापेक्षा जास्त पैसे त्यांनी घातले असतील, तर त्या जादा रकमेवर कायदा सालीना सहा टक्के व्याज देतो. संपूर्ण 2,01,000 जादा मानले आणि चार महिने धरले तर ते 4,020 होते. रक्कम छोटी आहे, पण ती कशात बसते हे आधी लिहिलेले नसेल तर कडवटपणा मोठा येतो. व्याज द्यायचे ठरले तर ते संयुक्त साहसाच्या नावे आणि पेणकरांच्या खात्यावर जमा करायचे, आणि नफा त्यानंतरच काढायचा.

पेणकरांच्या घरच्या वहीत या सगळ्याचे एकच खाते पुरते, ‘पुणेकरांसोबतचे संयुक्त साहस’. त्यात 3,51,000 आणि नफ्याचे 36,640 नावे, दीड लाख, 16,000 आणि शेवटी आलेले 2,21,640 जमा. दोन्ही बाजू 3,87,640 वर बंद होतात. पुणेकरांच्या वहीतल्या पेणकरांच्या खात्याचे हे आरशातले रूप आहे, आणि त्यातच पेणकरांचे संरक्षण आहे. वही आपल्याकडे नाही म्हणून हे खातेसुद्धा न ठेवणारा माणूस स्वतःचे नुकसान करून घेतो. टेम्पोची पावती, कारखानदाराचे बिल, बँकेतून आलेली रक्कम, एवढे कागद त्याच्याकडे असलेच पाहिजेत.

वही पाहायला मागणे हा अविश्वास नव्हे. कलम 9 प्रमाणे भागीदारांनी एकमेकांना खरा हिशोब आणि धंद्याची पूर्ण माहिती द्यायची असते. वही ठेवणाऱ्याची ती जबाबदारी आहे. काम पुरे झाले की, वेगळा करार नसेल तर, अशी भागीदारी कलम 42 प्रमाणे संपते. नोंदणी न केलेल्या भागीदारीला कोर्टात बऱ्याच अडचणी येतात, पण संपलेल्या भागीदारीच्या हिशोबासाठी दावा लावता येतो. त्याची मुदत भागीदारी संपल्या दिवसापासून तीन वर्षे. तोंडी मागण्या करण्यात ती निघून जाऊ देऊ नका. हिशोब मिळाला नाही तर पहिल्याच महिन्यात लेखी मागा.